सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला लोह मिळेल आणि ॲलर्जीही होणार नाही, असं काय भरवावं?

अंडं आणि शेंगदाणा वर्षभर लांब ठेवा म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. आमच्याकडे याच मुद्द्यावरून जाऊबाईंशी माझं चांगलंच वाजलं होतं.

लेकीला मऊ शिजवलेल्या डाळीत टोमॅटो घालून भरवत होते. डाळीतलं लोह सहजासहजी अंगी लागत नाही, त्याच घासात क जीवनसत्त्व असलं की ते जास्त शोषलं जातं, म्हणून टोमॅटो. एका सकाळी त्यातच पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून घातलं. खाऊन होतंय तोच हनुवटी आणि ओठांभोवती लाली आली. जाऊबाईंनी वाटीच उचलली, "सांगितलं होतं ना, अंडं बाधणार!"

मी नीट पाहिलं. जिथे घास ओघळला होता तिथेच त्वचा लाल होती. गांधी नाहीत, ओठ सुजलेले नाहीत, उलटी नाही, पोर खेळत होती. अर्ध्या तासात लाली गेली. डॉक्टरांना विचारून पुढे नुसतं अंडं दिलं, काही झालं नाही. नुसती डाळ-टोमॅटो दिली, पुन्हा लाली! टोमॅटोच्या आंबटपणाने नाजूक कातडी चुरचुरते, ती ॲलर्जी नव्हे. भरवण्याआधी तोंडाभोवती व्हॅसलिनचं बोट फिरवलं की भागतं. त्या दिवशी अंडं बंद केलं असतं, तर नसलेल्या ॲलर्जीपायी खरी ओढवून घेण्याची शक्यता वाढली असती.

कारण अशा वस्तू टाळल्याने धोका वाढतो. २०१५ च्या ‘लीप’ अभ्यासात तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या तान्ह्यांना शेंगदाणा नियमित दिला, तर पाच वर्षांच्या वयात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली.

मात्र अंड्यावर लोहासाठी विसंबू नका, त्यातलं लोह फार कमी शोषलं जातं. लोहासाठी डाळ आणि आंबट फळ, किंवा बारीक वाटलेलं मांस. मांसातलं लोह स्वतः चांगलं शोषलं जातंच, शिवाय सोबतच्या डाळीतलंही वाढवतं. शेंगदाण्याची गुळगुळीत पेस्ट कोमट पाण्यात पातळ करून त्याच डाळीत ढवळा. अख्खा दाणा किंवा घट्ट गोळा कधीच नको, घशात अडकतो.

नवी वस्तू एका वेळी एकच, सकाळी, आधी चमच्याच्या टोकावर. दहा मिनिटं थांबून मग पुढचा घास. आमची लाली तरी कळली, कारण त्या दिवशी नवं फक्त अंडं होतं. सोसलं की आठवड्यातून दोन-तीनदा देत राहा, एकदाच चाखवून सोडून देऊ नका.

हो, बाळाला तीव्र एक्झिमा असेल किंवा आधी एखाद्या पदार्थाची ॲलर्जी झाली असेल, तर शेंगदाणा डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. अंगभर गांधी, ओठ-डोळे सुजणं, वारंवार उलट्या दिसल्या तर तो पदार्थ थांबवून लगेच डॉक्टर गाठा. श्वास घरघरला किंवा बाळ मलूल पडलं तर थेट इमर्जन्सीत. आणि नुसती लाली आली, तर घरात वाद घालण्याआधी तिचा फोटो काढा. आमच्या डॉक्टरांनी फोटो पाहूनच अंडं चालू ठेवायला सांगितलं, आणि ते जाऊबाईंनाही ऐकवलं.