वायफायचं नाव तेच, तरी टीव्ही सापडत नाही

प्रश्न: सोलापुरात आमचं दुमजली घर आहे. खाली फायबरचा राऊटर आणि टीव्हीला लावलेलं कास्टिंग डिव्हाइस. वर रेंज येत नाही म्हणून जुना राऊटर केबल टाकून एक्स्टेंडरसारखा जोडलाय, नाव-पासवर्ड तोच ठेवलाय. खाली मोबाईलवर कास्टचं चिन्ह येतं, वर गेलं की गायब. पाहुण्यांसाठी गेस्ट वायफाय चालू केलं, तर त्यावरही येत नाही. नेट मात्र सगळीकडे झकास चालतं. असं का?

उत्तर:

नाव एक असलं म्हणजे नेटवर्क एक झालं, असं नाही. तुमच्या घरात सध्या तीन वेगळी नेटवर्कं आहेत, आणि कास्टचं चिन्ह फक्त एकाच नेटवर्कच्या आत दिसतं. मी सोलापुरात राऊटर आणि कॅमेरे बसवायचं काम करतो. जुळे सोलापुरातल्या नव्या दुमजली घरांत मधे स्लॅब आला की खालचं वायफाय वर दम टाकतं, मग घरातला जुना राऊटर वर चढतो आणि हीच तक्रार सुरू होते.

मोबाईलला तुमच्या टीव्हीचा पत्ता आधीपासून ठाऊक नसतो. ॲप उघडलं की तो २२४.०.०.२५१ या ठरावीक पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर, सगळ्यांना एकदम विचारतो, "इथं `_googlecast._tcp` कोण आहे?" ते ऐकून डिव्हाइस आपला पत्ता सांगतं, आणि मग मोबाईल थेट त्या पत्त्याच्या ८००९ पोर्टला जोडला जातो. ही पद्धत एमडीएनएस म्हणून ओळखली जाते. २२४.०.०.२५१ वरची हाक राऊटरने पुढच्या नेटवर्कात न्यायचीच नाही, असा नियम आहे. वाड्याच्या चौकात मारलेली हाक चौकातल्यांनाच ऐकू जाते. दिंडी दरवाजातून बाहेर पडून शेजारच्या वाड्यात चालत जाता येतं, पण हाक तिथवर पोचत नाही.

तुमच्या वरच्या मजल्यावर नेमकं हेच होतंय. खालून आलेली केबल तुम्ही वरच्या राऊटरच्या `WAN` खाचेत खोचली असणार, बहुतेक जण तेच करतात. त्यामुळे त्या राऊटरला वाटतं की खालचं घर म्हणजे बाहेरचं इंटरनेट आहे. तो आपला वेगळा संसार मांडतो आणि मोबाईलला स्वतःच पत्ता वाटतो. खात्री करायला मोबाईलच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टिचकी मारून आयपी पत्ता बघा, आणि टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये त्याचा बघा. समजा टीव्हीचा पत्ता १९२.१६८.१.७ आणि वर गेल्यावर मोबाईलचा १९२.१६८.०.१०३ आला. तिसरा आकडा बदलला, म्हणजे घरगुती राऊटरच्या हिशेबात नेटवर्क बदललं. मग वर लॅपटॉप घेऊन कमांड प्रॉम्प्टमध्ये एवढं टाइप करा, टीव्ही उत्तर देतो का ते कळेल:

```
ping 192.168.1.7
```

उत्तर येईल! इथंच लोक चक्रावतात. पत्ता माहीत असला तर वरून खाली जाता येतं, कारण वरचा राऊटर खालच्या बाजूला 'बाहेर' समजून वाट देतो. अडते ती फक्त हाक. पिंग जातं पण चिन्ह येत नाही आणि तिसरा आकडा वेगळा आहे, हे तिन्ही जुळलं की दुसरा राऊटर आडवा आलाय हे नक्की समजा.

उपाय स्वस्त आहे. वरच्या राऊटरच्या सेटिंगमध्ये `Operation Mode` असेल तर `Access Point` निवडा, काम संपलं. जुन्या राऊटरमध्ये ती सोय नसेल तर हाताने करावं लागतं. आधी खालून आलेली केबल काढून ठेवा. ती लावलेली असताना बरेच राऊटर पुढचा बदल घेत नाहीत, कारण दोन्ही बाजूंना सारखेच पत्ते येतात म्हणून तक्रार करतात. मग टीव्हीचा पत्ता उदाहरणासारखा १९२.१६८.१ ने सुरू होत असेल तर `LAN` चा पत्ता १९२.१६८.१.२ करा, घरात दुसऱ्या कशाला तो पत्ता दिलेला नाही ना, ते बघून घ्या. राऊटर रीस्टार्ट होईल, नव्या पत्त्यावर परत लॉगिन करा आणि `DHCP Server` बंद करा. शेवटी केबल `WAN` मध्ये न लावता `LAN` च्या एखाद्या खाचेत लावा. मोबाईलचं वायफाय बंद-चालू केलं की त्याला खालच्या राऊटरकडून १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता मिळेल, आणि चिन्ह वरही दिसेल.

तोवर एक लक्षात ठेवा. नाव एकच असल्यामुळे कास्टिंग डिव्हाइससुद्धा कधीकधी वरच्या राऊटरला चिकटतं. लाईट जाऊन आली की फायबरचा डबा सुरू व्हायला वेळ घेतो, साधा राऊटर त्याच्या आधी तयार होतो. मग उलटाच प्रकार होतो, टीव्ही समोर असून खालीच चिन्ह दिसत नाही. "कधी चालतं, कधी नाही" या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथं सापडतं.

केबल नसलेला, प्लगमध्ये खोचायचा खरा एक्स्टेंडर असेल तर पत्ते सहसा एकाच नेटवर्कचे असतात, तरी काही जण अडतात. अशी एकदम सगळ्यांना जाणारी हाक काही स्वस्त एक्स्टेंडर नीट पुढे देत नाहीत, किंवा राऊटरमधलं `IGMP Snooping` ती चुकून गाळतं. ते बंद करून बघा. तरी जमलं नाही तर राऊटरपासून केबल ओढणं बरं, एक्स्टेंडरशी झटापट करण्यात अर्थ नाही.

गेस्टचं प्रकरण वेगळं आहे. तिथं बिघाड काहीच नाही, ती भिंत मुद्दाम घातलेली आहे. पाहुण्याला नेट मिळावं, पण तुमचा टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा दिसू नये, यासाठीच गेस्ट वायफाय असतं. म्हणून तिथून पिंगसुद्धा सहसा जात नाही. टीव्हीही गेस्टवर टाकावा असं कुणी सुचवेल, पण बऱ्याच राऊटरवर गेस्टवाले एकमेकांनाही दिसत नाहीत, त्यामुळे हात हलवत परत याल. काही राऊटरमध्ये `Allow guests to access my local network` असा पर्याय असतो. तो चालू केला तर कदाचित चिन्ह येईल, पण मग गेस्ट ठेवून उपयोग काय? मी तो चालू करून देत नाही.

पाहुण्यांना यूट्यूबच लावायचं असेल आणि टीव्हीवर रिमोटने चालणारं यूट्यूब ॲप असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये `Link with TV code` आहे. तिथला आकडा पाहुण्याने आपल्या मोबाईलच्या यूट्यूबमध्ये टाकला की जोडणी इंटरनेटवरून होते, घरातल्या हाकेची गरजच पडत नाही. गेस्ट वायफायवरून चालतं, मोबाईल डेटावरूनही चालतं. निघताना तेवढी जोडणी टीव्हीवरून काढून टाका, नाहीतर भाचा पुण्याला पोचल्यावर तिथून तुमच्या टीव्हीवर गाणी लावेल.