हृदयाची एक स्लाइड आणि कार्यस्मृतीची मर्यादा

प्रश्न : मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र शिकवते. हृदयातील रक्तप्रवाहाच्या स्लाइडवर मी आकृती, तिच्यावर 1 ते 14 क्रमांक, खाली क्रमांकांची सूची आणि उजवीकडे संपूर्ण मार्गाचे वर्णन दिले आहे, आणि तेच वर्णन मी वाचून समजावते. मुली माना डोलावतात, पण दुसऱ्या दिवशी निम्म्या मुलींना फुप्फुस धमनी कोठून निघते तेही सांगता येत नाही. हा कॉग्निटिव्ह लोडचा प्रकार आहे का? मजकूर काढला तर परीक्षेसाठी त्यांच्या हाती काय राहील?

उत्तर : होय, कॉग्निटिव्ह लोड म्हणजे शिकताना स्मृतीवर पडणारा भार, आणि आपण वर्णन केलेली स्लाइड त्याचे जवळजवळ पुस्तकी उदाहरण आहे. अध्यापक प्रशिक्षणात मी हीच हृदयाची आकृती वर्षानुवर्षे वापरत आलो आहे, त्यामुळे ती पाहताना विद्यार्थिनीच्या मनात काय घडते ते क्रमाने मांडतो. मजकूर किती काढावा याचा निर्णय त्यावरूनच करता येईल.

नवी माहिती हाताळताना आपण जी स्मृती वापरतो तिला कार्यस्मृती, म्हणजेच वर्किंग मेमरी, म्हणतात, आणि ती फार लहान असते. जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये तिची मर्यादा साधारण सात घटकांची सांगितली होती. पुढे नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये असे दाखवले, की मनातल्या मनात उजळणी करण्याची आणि घटकांचे गट पाडण्याची सोय काढून घेतली, तर ती चारच्या आसपास येते. ती अल्पजीवीही असते. 1959 मध्ये पीटरसन दांपत्याने लोकांना तीन अक्षरे सांगून लगेच उलटे आकडे मोजायला लावले, तेव्हा अवघ्या 18 सेकंदांनंतर बहुतेक वेळा ती अक्षरे आठवेनात. दीर्घकालीन स्मृतीला मात्र अशी मर्यादा दिसत नाही. तिच्यात आधीच जुळवून ठेवलेले ज्ञान कितीही गुंतागुंतीचे असले, तरी कार्यस्मृतीत ते एकच घटक म्हणून येते. “उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी शरीराकडे” हे वाक्य आपल्यासाठी एकसंध आहे. आपल्या विद्यार्थिनीसाठी त्यात बाजू, दिशा, दोन ठिकाणे आणि त्यांच्यातील संबंध असे चार-पाच सुटे तुकडे आहेत. त्यामुळे आपल्याला सुटसुटीत वाटणारी स्लाइड तिला तशी वाटेलच असे नाही, आणि शिकवणाऱ्याला हे स्वतःच्या अनुभवावरून कळणे जवळजवळ अशक्य असते.

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन स्वेलर यांनी 1980 च्या दशकात या मर्यादेवरून अध्यापनाचा सिद्धांत उभारला. त्यातील मध्यवर्ती कल्पना अशी, की भार माहितीच्या एकूण प्रमाणावर ठरत नाही. समजण्यासाठी एकाच वेळी किती घटक मनात धरून एकमेकांशी जोडावे लागतात, यावर तो ठरतो. हाडांच्या नावांची यादी लांब असली, तरी तिच्यातील प्रत्येक नाव स्वतंत्रपणे पाठ होऊ शकते. रक्तप्रवाहाचे तसे नाही. फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेले रक्त का असते, हे कळण्यासाठी धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी वाहिनी, उजव्या जवनिकेतील रक्त शरीरातून परतलेले असते आणि ऑक्सिजन फुप्फुसांत मिळतो, या तीन गोष्टी एकदम डोळ्यांसमोर ठेवाव्या लागतात. हा विषयाचा स्वतःचा भार आहे आणि तो टाळता येत नाही. म्हणूनच मांडणीने त्यात नाहक भर घालता कामा नये.

आता आपली स्लाइड विद्यार्थिनीच्या नजरेने पाहू. ती आकृतीवर क्रमांक 6 पाहते, तो लक्षात ठेवून खाली सूचीकडे जाते, “फुप्फुस धमनी” हे नाव शोधते आणि ते मनात धरून पुन्हा आकृतीकडे येते. तेवढ्यात 6 नेमका कोठे होता आणि बाण कोणत्या दिशेचा होता, हे तिला पुन्हा शोधावे लागते. चौदा क्रमांकांसाठी अशा चौदा फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत आधीच्या टप्प्याचा धागा सुटण्याची शक्यता असते. त्यातच आकृतीतील उजवी कर्णिका पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला असते, म्हणजे प्रत्येक वेळी मनात अदलाबदल करावी लागते. ही सारी धावपळ रक्तप्रवाहाविषयी काहीही शिकवत नाही. अभ्यासक तिला विभाजित अवधानाचा परिणाम म्हणतात. भूमितीची सोडवलेली उदाहरणे देताना आकृती एकीकडे आणि पायऱ्या दुसरीकडे ठेवल्या, तेव्हा एरवी उपयोगी ठरणारी तीच उदाहरणे निष्प्रभ ठरली. पायऱ्या आकृतीतच संबंधित कोनाशेजारी लिहिल्यावर त्यांचा फायदा पुन्हा दिसू लागला.

उजवीकडच्या वर्णनाचा प्रश्न वेगळा आहे, आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. पॉल चँडलर आणि स्वेलर यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी काहींत हृदय व फुप्फुसांतील रक्तप्रवाहाचीच आकृती होती. आकृतीतील बाण मार्ग पुरेसा स्पष्ट करत होते आणि मजकूर तेच शब्दांत सांगत होता. तो मजकूर आकृतीत योग्य जागी बसवूनही लाभ झाला नाही. मजकूर अजिबात नसलेली आकृती ज्यांना मिळाली, त्यांचीच कामगिरी सरस ठरली. कारण समोर आलेला मजकूर वाचणे टाळणे अवघड असते, आणि वाचल्यावर तो आकृतीशी जुळतो का हे पडताळण्यात कार्यस्मृती खर्च होते. वर आपण तोच मजकूर मोठ्याने वाचता, तेव्हा आणखी एक भर पडते. विद्यार्थिनीचे डोळे आपल्या आवाजापेक्षा पुढे धावतात, त्यामुळे ती एक वाक्य वाचत असते आणि ऐकत असते दुसरेच. या दोन शब्दप्रवाहांचा मेळ घालताना आकृती पाहायची राहूनच जाते.

येथे एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. आकृती स्वतःहून समजत असेल, तरच मजकूर अनावश्यक ठरतो. फुप्फुस धमनीच्या मुळाशी झडप का असते, याचे उत्तर बाणांतून मिळत नाही. तेथे स्पष्टीकरण हवेच, पण ते झडपेशेजारी लिहिलेले किंवा झडप दाखवत तोंडी सांगितलेले असावे.

मी ही आकृती पुढीलप्रमाणे शिकवतो. आदल्या तासाला फक्त नावे आणि जागा होतात : चार कप्पे, चार झडपा, मुख्य वाहिन्या. रक्त कोठून कोठे जाते, हा विषयच त्या दिवशी काढत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना कर्णिका आणि जवनिका हे शब्द ओळखीचे असतात, पण परीक्षेत लागणारी एट्रियम, व्हेंट्रिकल, ट्रायकस्पिड ही नावे त्यांच्यासाठी नुसते नवे ध्वनी असतात आणि ते ध्वनी धरून ठेवण्यातच त्यांची बरीच शक्ती जाते. म्हणून त्या दिवशी दोन्ही नावे एकत्र म्हणवून घेतो आणि पुढच्या तासाला एकच संच वापरतो. दुसऱ्या तासाची पहिली स्लाइड म्हणजे रेखाकृती, तिच्यावर जागच्या जागी लिहिलेली नावे आणि फक्त उजव्या बाजूचा मार्ग : महाशिरा, उजवी कर्णिका, त्रिदली झडप, उजवी जवनिका, फुप्फुस धमनी, फुप्फुसे. एक-एक बाण येतो, मी बोलतो, पडद्यावर वाक्य नसते. मग पडदा बंद करून हा मार्ग वहीत काढायला सांगतो. तो जमल्यावरच डावी बाजू येते, आणि ती निम्म्या श्रमात समजते, कारण कर्णिका, झडप, जवनिका, धमनी हा साचा तोवर एक घटक झालेला असतो. डावी जवनिका जाड का, हे सर्वांत शेवटी येते : प्रौढ व्यक्तीत आकुंचनाच्या वेळी उजव्या जवनिकेत सुमारे 25 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो, डावीत सुमारे 120. हे आकडे पहिल्या स्लाइडवर असते, तर त्यांना टेकायला काहीच नसते.

समजले की नाही हे डोलणाऱ्या मानांवरून ठरवू नये. आपण वाचत असलेले वाक्य पडद्यावरही दिसते, तेव्हा ते ओळखीचे वाटते आणि ही ओळख म्हणजेच समज असा विद्यार्थिनीचा प्रामाणिक समज होतो. मी दोन तपासण्या करतो. दुसऱ्या दिवशी नावे नसलेली आकृती देऊन बाण काढायला लावतो, आणि नंतर विचारतो, त्रिदली झडप नीट मिटत नसेल तर सूज कोठे दिसेल? ज्या मुलीने संबंध जोडले आहेत ती मागे जात जाते : रक्त उजव्या कर्णिकेत परतते, महाशिरांत तुंबते, म्हणून मानेच्या शिरा फुगतात, पाय सुजतात. हाच दोष द्विदली झडपेत असेल तर रक्त फुप्फुसांत तुंबते आणि दम लागतो. जिने केवळ चौदा नावांचा क्रम पाठ केला आहे, ती पहिल्याच पायरीला अडते. भाराचाच अंदाज घ्यायचा असेल, तर फ्रेड पास यांनी 1992 मध्ये वापरलेली नऊ अंकांची श्रेणी सोयीची आहे. प्रत्येकीने आपल्याला किती मानसिक श्रम पडले ते 1 ते 9 मध्ये लिहायचे. मात्र तो अंक उत्तरांशेजारी ठेवूनच वाचावा. श्रम कमी आणि उत्तरेही चुकीची, याचा अर्थ बहुधा तिने प्रयत्न सोडून दिला आहे.

परीक्षेसाठीच्या मजकुराची आपली चिंता रास्त आहे. बोललेले शब्द हवेत विरतात, म्हणून लांबलचक स्पष्टीकरण केवळ तोंडी दिले तर तोही भारच होतो. तो मजकूर स्लाइडवरून काढून छापील टिपणात द्यावा, आणि टिपण तासानंतर द्यावे. कागदावर विद्यार्थिनी आपल्या गतीने थांबू शकते, मागे जाऊ शकते, आणि तोवर आकृती तिच्या मनात तयार असल्याने वर्णनातले प्रत्येक वाक्य कोठे बसते ते तिला कळते.

ही स्लाइड अंतिम वर्षाच्या वर्गासाठी जशीच्या तशी वापरू नये. स्लाव्हा कल्युगा आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडल्याप्रमाणे, नवशिक्यांना आधार देणारी मांडणी जाणकारांना नडते. वॉर्डात काम केलेल्या मुलींना ओळखीची नावे आणि एक-एक बाण पुन्हा पाहावे लागले, तर आपल्याजवळचे ज्ञान आणि पडद्यावरची माहिती जुळवण्यातच त्यांचे लक्ष जाते. त्यांच्यासमोर मी कोरी आकृती आणि रुग्णाची लक्षणे ठेवतो, आणि नावे, दिशा व दाब त्यांनीच भरायचे असतात.