बिलांची फाईल टेबलावर ठेवली म्हणजे उत्तर दिलं असं होत नाही

«२०२२-२३ साठी जीएसटीची ASMT-10 नोटीस आली आहे. थ्री-बी रिटर्नमध्ये खरेदीवरच्या कराचं घेतलेलं क्रेडिट टू-बीपेक्षा, म्हणजे सप्लायरने दाखवलेल्या बिलांच्या यादीपेक्षा, ६२ हजारांनी जास्त आहे म्हणतात. बिलं सगळी आहेत. फाईल घेऊन साहेबांना भेटलो तर मिटेल का?»

नाही मिटणार. मी नेमकं हेच केलं होतं, म्हणून लिहितोय. मी हार्डवेअरचा दुकानदार आहे, सीए नाही. शेवटचा शब्द तुमच्या सल्लागाराचा.

मला जानेवारी २०२४ मध्ये २०१८-१९ ची नोटीस आली, फरक ८१,६०० रुपयांचा. मी बिलं, बँकेचे उतारे, सप्लायरची पत्रं अशी जाड फाईल केली आणि ऑफिसात नेऊन दिली. तिथल्या माणसाने दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, "साहेब बघतील" म्हणाला. मी निर्धास्त झालो. पुढे साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी जीएसटीचं पोर्टल उघडलं तर माझं उत्तरच नाही. सुनावणीची तारीखही पोर्टलवरच टाकलेली, आणि मी बघत होतो भलत्याच ठिकाणी. एप्रिलमध्ये एकतर्फी आदेश निघाला: पूर्ण कर, व्याज आणि वर दंड. शिक्क्याची प्रत दाखवली तर म्हणाले, "पोर्टलवर नाही म्हणजे आमच्याकडे नाही." आजही आठवलं की संताप येतो. फाईल त्यांच्याच कपाटात होती! अपिलाला तीन महिन्यांची मुदत, त्यात वादातल्या कराचे दहा टक्के आधी भरायचे, वकिलाची फी वेगळी.

तेव्हा आधी `Services > User Services > View Additional Notices/Orders` उघडा. नुसतं `View Notices and Orders` बघून थांबू नका, माझं तिथेच चुकलं. त्याच प्रकरणात `Replies` मधून ASMT-11 हा उत्तराचा फॉर्म भरा. मुदत साधारण ३० दिवसांची असते, नोटिशीवरची तारीख बघा. उत्तराचा रेफरन्स नंबर मिळाला तरच उत्तर पोचलं. भेटायला नंतर खुशाल जा.

आता उत्तरात काय लिहायचं. "खरेदी खरी आहे, बिलं जोडली आहेत" एवढ्याने काही होत नाही. त्यांना फरकाचा हिशोब हवा असतो, सप्लायरवार आणि बिलवार, शेवटची बेरीज नोटिशीतल्या आकड्याशी जुळणारी. माझे ८१,६०० असे सुटले: २१,६०० मार्च २०१८ च्या बिलांचे, जे मी एप्रिलच्या थ्री-बीत घेतले. ते आदल्या वर्षाच्या टू-एत, म्हणजे सप्लायरच्या बिलांच्या तेव्हाच्या यादीत, दिसतच होते. ४६,८०० एका सप्लायरने आमचा जीएसटी नंबर न टाकता किरकोळ विक्रीत, म्हणजे बीटूसीत दाखवलेले. उरलेले १३,२०० ही माझीच चूक, एक बिल दोनदा घेतलं होतं. अपिलात हाच तक्ता मांडला तेव्हा फक्त १३,२०० अंगावर राहिले. जानेवारीतच पोर्टलवर टाकला असता तर अपिलाची वेळच आली नसती.

पण माझ्या ४६,८०० वरून तुमचा अंदाज बांधू नका. ते सप्लायरच्या प्रमाणपत्रावर सुटले, कारण डिसेंबर २०२१ पर्यंतच्या काळासाठी तशी परिपत्रकं आहेत. १ जानेवारी २०२२ पासून बिल टू-बीत दिसलं तरच क्रेडिट. २०२२-२३ चं बिल सप्लायरने बीटूसीत टाकलं असेल तर दुरुस्तीची मुदत ३० नोव्हेंबर २०२३ लाच संपली. माझ्या मते अशा रकमेवर भांडत बसू नये. आत्ताच DRC-03 या स्वतःहून कर भरायच्या फॉर्मने भरून टाका, कारणे दाखवा नोटिशीच्या आधी कर आणि लागू व्याज भरलं तर दंड लागत नाही. मग सप्लायरकडून वसूल करा. व्याजाचंही तपासा: चुकीचं क्रेडिट लेजरमध्ये नुसतं पडून असेल, वापरलं नसेल, तर व्याज नाही.

भरण्याआधी मात्र दोन गोष्टी शोधा. पहिली, २०२१-२२ ची बिलं तुम्ही एप्रिल २०२२ नंतर घेतली का? मुदतीत घेतली असतील आणि टू-बीत आली असतील तर ते क्रेडिट खरंच आहे, फक्त वर्ष वेगळं. दुसरी, सप्लायरला १८० दिवसांत पैसे न दिल्यामुळे उलटवलेलं क्रेडिट पैसे दिल्यावर परत घेतलं का? ते थ्री-बीच्या 4(A)(5) या रकान्यात पुन्हा चढतं, टू-बीत मात्र पहिल्यांदाच आलेलं असतं, म्हणून फरक दिसतो. अशा वेळी उलटवलेल्या महिन्याचा थ्री-बी आणि पेमेंटचा बँक उतारा, दोन्ही जोडा.

आणि पोर्टल फाईलच्या आकाराला मर्यादा घालतं. बिलं स्कॅन करताना तक्ता वेगळ्या पीडीएफमध्ये ठेवा आणि तोच सगळ्यात आधी चढवा.