चोकाइत पेन्सिल कुठे चालवायची आणि कुठे थांबवायची

प्रश्न : मी पुण्यात जपानी शिकते. जुलैमध्ये जपानीची एन२ ही परीक्षा दिली. एकूण गुण ९०च्या वर गेले, पण चोकाइत, म्हणजे ऐकण्याच्या विभागात, ६० पैकी १७ मिळाले आणि नापास झाले. लिहायला लागले की पुढचं वाक्य निसटतं, नाही लिहिलं तर प्रश्न येईपर्यंत आधीचं विसरते. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. मग लिहायचं की नाही?

एन२ला एकूण १८० पैकी ९० लागतात, शिवाय प्रत्येक विभागात किमान १९. दोन गुणांनी गेलेला चोकाइ फार जिव्हारी लागतो. चाकणच्या एका कारखान्यात काम करणारा एक तरुण इंजिनियर माझ्याकडे जवळपास अशाच निकालासह आला होता. त्याच्याबरोबर जे केलं ते सविस्तर सांगते, कारण तुमच्याही प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

आधी दुखणं नेमकं कुठलं ते शोधलं. त्याची चुकलेली सराव-संभाषणं घेतली आणि त्यांची छापील संहिता त्याला वाचायला दिली. वाचूनही उत्तर येत नसेल, तर अडचण शब्दसंग्रहाची किंवा व्याकरणाची असते, तिथे टिपणाचा काही उपयोग नाही. वाचून येतं पण ऐकून येत नाही, तर कान तयार व्हायचे आहेत. त्याला बहुतेक सगळं वाचून येत होतं. मग तशीच दुसरी संभाषणं पेन्सिल खाली ठेवून ऐकवली, तर निम्म्याहून अधिक बरोबर आली. म्हणजे घात लिहिण्यातच होत होता. ही तपासणी तुम्हीही आधी करा.

त्याची सरावाची पानं पाहिली तेव्हा कारण लगेच दिसलं. तो कांजीत, म्हणजे जपानीच्या चित्राक्षरांत, पूर्ण शब्द लिहीत होता. ‘काइगिशित्सु’, म्हणजे मीटिंगची खोली, हे कांजीत लिहायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात समोरचा माणूस एक वाक्य बोलून मोकळा होतो, आणि बहुतेक वेळा उत्तर त्याच वाक्यात असतं. प्रश्नपत्रिकेवर टिपणं काढायला परवानगी आहे. ती कोणी तपासत नाही, तेव्हा ती जपानीत असण्याची काहीच गरज नाही. ‘का’ लिहा, ‘मी’ लिहा, देवनागरीत लिहा, जे हाताला सर्वांत पटकन येईल ते.

पण खरा फरक पडला तो प्रत्येक मोंदाइला, म्हणजे चोकाइतल्या प्रत्येक प्रश्नप्रकाराला, वेगळं टिपण काढायला लागल्यावर.

पहिल्या मोंदाइत प्रश्न आधी ऐकवतात आणि पर्याय छापलेले असतात. मी त्याच्यासाठी एक संभाषण रचलं होतं. उद्याच्या मीटिंगची तयारी चालली आहे, आणि प्रश्न असा की बाई सर्वांत आधी काय करतील. पर्याय : १. कागदांच्या प्रती काढणं, २. खोली ठरवणं, ३. ग्राहकाला फोन, ४. आकडे दुरुस्त करणं. काचो, म्हणजे बाईंचे साहेब, विचारतात, प्रती काढल्या का? बाई म्हणतात, आता काढतेच. काचो सांगतात, थांबा, तिसऱ्या पानावरचे विक्रीचे आकडे जुने आहेत, त्याआधी ते बदला. खोली तानाकांनी ठरवलीच आहे. फोन मी दुपारी करतो.

त्याने या संभाषणावर नऊ शब्द लिहिले आणि उत्तर १ दिलं. कामांची नावं सगळी होती, पण कोण करणार आणि कधी, हे एकाही नावापुढे नव्हतं. खरं तर कामांची नावं लिहायचीच नाहीत, ती समोर छापलेली आहेत. पर्यायाशेजारी फक्त खूण करायची. खोली झालेली आहे, फुली. फोन दुसरा करणार, फुली. प्रती नंतर, म्हणून बाण. आकडे आधी, गोल. चार खुणा, एकही शब्द नाही. कान कामांच्या नावांवर न ठेवता ‘मो’ (आधीच झालं), ‘सोनो माए नि’ (त्याआधी), ‘आतो दे’ (नंतर), ‘वाताशि गा’ (मी करते) अशा शब्दांवर ठेवायचा. काम कुठल्या रकान्यात जाणार हे तेच ठरवतात.

तिसरा मोंदाइ याच्या अगदी उलट, आणि माझ्या मते सर्वांत जास्त गुण इथेच जातात. पानावर काहीच छापलेलं नसतं. कोण कुठे बोलतंय एवढं सांगतात, मग बोलणं, मग प्रश्न, मग चारही पर्याय फक्त ऐकूनच. प्रश्न माहीत नसल्यामुळे माणूस घाबरून सगळं टिपायला जातो. पण हा मोंदाइ तपशील विचारतच नाही. बोलणाऱ्याचा मुख्य विषय काय, किंवा त्याचं म्हणणं काय, एवढंच विचारतो. समजा, एक तज्ज्ञ सायकलींबद्दल बोलतोय. तब्येतीला चांगल्या, पेट्रोल लागत नाही, वापर वाढतोय, आणि मग ‘शिकाशि’, म्हणजे ‘पण’, स्टेशनजवळ त्या लावायला जागाच उरलेली नाही, आणि पुढे तो त्यावरच बोलत राहतो. त्या तरुणाच्या पानावर तब्येत, पेट्रोल, वाढ हे तिन्ही होतं. उत्तर होतं जागेचा प्रश्न. तेव्हा इथे टिपण दोन शब्दांचं : वर विषय (‘सा’), आणि ‘शिकाशि’, ‘देमो’, ‘तोकोरो गा’ असं काही आलं की बाण ओढून पुढचा एक शब्द (‘जागा’). बाकी पेन्सिल उचलायचीच नाही.

पर्याय ऐकताना मात्र ती लागते. आधीच १ २ ३ ४ लिहून ठेवा आणि प्रत्येक पर्याय संपताक्षणी त्याच्याखाली गोल, फुली किंवा त्रिकोण करा. त्रिकोण म्हणजे शंका. चौथा ऐकेपर्यंत पहिला डोक्यात राहत नाही, त्यामुळे निर्णय पुढे ढकलून चालत नाही.

चौथ्या मोंदाइत, एका वाक्याला लगेच योग्य प्रतिसाद निवडायचा असतो. तिथे वाक्य टिपायचं नाही, खुणा फक्त पर्यायांच्या. पाचव्यात, शेवटच्या जोडप्रश्नाला पर्यायांची नावं छापलेली असतात. आधी एक जण चारही गोष्टींची माहिती देतो, मग एक पुरुष आणि एक बाई त्यांतून निवडतात. नावाशेजारी दोनच गुण टिपा, उदाहरणार्थ वर्ग असतील तर वेळ आणि पैसे : ‘सं, ३०००’. आकडे मात्र नेहमी लिहायचे, ते डोक्यात टिकत नाहीत. दोघं बोलू लागले की उजवीकडे ‘पु’ आणि ‘बा’ असे दोन रकाने करा. दोघांबद्दल वेगवेगळं विचारतात, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर टाकणं ही तिथली नेहमीची चूक.

सराव आम्ही असा केला. रेकॉर्डिंग एकदाच वाजवायचं, उत्तर द्यायचं, मग संहितेशेजारी टिपण ठेवून प्रत्येक खुणेला विचारायचं : हिच्यामुळे उत्तर ठरलं का? जिच्यामुळे ठरलं नाही ती खोडायची. सुरुवातीला त्याचं अर्ध्याहून जास्त पान खोडलं जायचं. हळूहळू पानावर कमी येऊ लागलं आणि जे यायचं ते कामाचं असायचं. दर आठवड्याला एका मोंदाइपेक्षा जास्त हाती घेऊ नका, कारण त्यांच्या सवयी एकमेकांत मिसळतात.

एक गोष्ट शेवटपर्यंत त्याला जड गेली : निसटलेला प्रश्न सोडून देणं. उत्तरं नंतर उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही आणि चुकीला गुण कापत नाहीत. म्हणून प्रश्न हुकला की त्रिकोणावाला पर्याय रंगवायचा, तोही नसेल तर कुठलाही एक, आणि पुढच्या प्रश्नाचा आकडा ऐकू येण्याआधी पेन्सिल पुढच्या ओळीवर न्यायची. तो मागच्याचाच विचार करत बसायचा आणि एकाऐवजी दोन घालवायचा. डिसेंबरच्या परीक्षेत असं दोनदा झालं म्हणाला, तरी चोकाइत २८ आले.