पोलीस ठाण्यात पाकीट हरवल्याची नोंद करताना मराठीत काय बोलायचं?

प्रश्न: मी मूळचा भुवनेश्वरचा, वर्षभरापासून सोलापुरात नोकरीला आहे. बाजारातलं मराठी जमतं, पण पाकीट हरवलं तर पोलीस ठाण्यात काय आणि कसं बोलायचं? एखादा संवाद लिहून द्याल का, महत्त्वाच्या वाक्यांसह?

उत्तर:

सोलापुरात बदलीवर आलेल्या लोकांना मी मराठी शिकवते. पाकीट हरवल्यावर त्यांच्यातला एक जण ठाण्यात गेला आणि म्हणाला, “मॅडम, मी हरवलो.” त्याला म्हणायचं होतं की पाकीट हरवलं. पण ‘मी हरवलो’ म्हणजे मला रस्ता सापडत नाही. समोरच्या बाईंनी त्याला पत्ताच विचारायला सुरुवात केली. म्हणून पहिलं वाक्य पाठच करून जा: माझं पाकीट हरवलंय. ‘मी पाकीट हरवलं’ हेही मराठीच आहे, पण त्यात ‘चूक माझी’ असा सूर येतो. आपण साधारणपणे वस्तूलाच कर्ता करतो: पाकीट हरवलं, किल्ली पडली, पैसे हरवले.

आता संवाद. ठाण्यात शिरल्यावर समोरच्या टेबलावर जे बसलेले असतात त्यांना ठाणे अंमलदार म्हणतात. नोंद त्यांच्याकडेच होते. पुरुष असतील तर ‘साहेब’, बाई असतील तर ‘मॅडम’ म्हणा.

तुम्ही: नमस्कार मॅडम. माझं पाकीट हरवलंय. नोंद करायची होती.
अंमलदार: बसा की. कधी हरवलं?
तुम्ही: काल संध्याकाळी, साडेपाच ते सहाच्या दरम्यान.
अंमलदार: कुठं?
तुम्ही: नव्या पेठेत शर्ट घेतला, तेव्हा पाकीट होतं. तिथून शेअर रिक्षानं सात रस्त्याला आलो. उतरल्यावर खिशात हात घातला, तर पाकीट नव्हतं.
अंमलदार: हरवलं का कुणी मारलं?
तुम्ही: नक्की सांगता येणार नाही. पण कुणाचा धक्का लागला नाही, खिसाही फाटलेला नाही. बहुतेक रिक्षात पडलं.
अंमलदार: कुणावर संशय?
तुम्ही: नाही, माझा कुणावर संशय नाही.
अंमलदार: रिक्षाचा नंबर?
तुम्ही: नंबर बघितला नाही, मॅडम.
अंमलदार: दुकानात परत जाऊन विचारलं का?
तुम्ही: हो, विचारलं. रिक्षा स्टॉपवरही विचारलं. पण मिळालं नाही.
अंमलदार: पाकीट कसलं होतं?
तुम्ही: चामड्याचं, तपकिरी रंगाचं. एका कोपऱ्याची शिवण उसवलेली आहे.
अंमलदार: आत काय काय होतं?
तुम्ही: आधार कार्ड होतं, लायसन्स होतं, बँकेचं एटीएम कार्ड होतं. रोख चौदाशे रुपये होते. आणि आईचा एक फोटो होता.
अंमलदार: एटीएम बंद केलं का?
तुम्ही: हो, कालच बँकेला फोन करून ब्लॉक केलं.
अंमलदार: आधारची झेरॉक्स आहे का?
तुम्ही: झेरॉक्स नाही, पण मोबाईलमध्ये फोटो आहे.
अंमलदार: चालेल. बाहेरून प्रिंट काढून आणा. आणि एक अर्ज लिहा.
तुम्ही: मॅडम, मला मराठी बोलता येतं, पण लिहायला वेळ लागतो. जरा हळू सांगाल का?
अंमलदार: सांगते की. घ्या कागद.

या संवादात सगळ्यात वजनदार प्रश्न एकच आहे: “हरवलं का कुणी मारलं?” (आपल्याकडे बोलताना ‘की’च्या जागी असा ‘का’ येतो.) तुमच्या उत्तरावर पुढचा कागद ठरतो. पाकीट हरवलं किंवा पडलं असेल, तर ‘गहाळ’ अशी नोंद होते आणि तुम्हाला गहाळ झाल्याचा दाखला मिळतो. ‘पाकीट मारलं’ किंवा ‘चोरीला गेलं’ म्हणालात, की ती चोरीची तक्रार झाली. चोरीचं कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत ३७९ होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ३०३ आहे. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांहून कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र धरली आहे. तिची नोंद ‘एनसी’ म्हणून होते आणि तपासाला न्यायालयाची परवानगी लागते. त्यामुळे चौदाशे रुपयांच्या पाकिटाच्या बाबतीत ‘एफआयआर घ्याच’ असा हट्ट धरण्यापूर्वी हा फरक माहीत असू द्या.

जे घडलं तेच सांगा, हे मी माझ्या वर्गात फार आग्रहाने सांगते. कुणी खिशात हात घालताना दिसलं असेल, खिसा ब्लेडने कापलेला असेल, तर ‘हरवलं’ म्हणू नका. अशा वेळी म्हणा: कुणीतरी माझं पाकीट मारलं. खिसा कापलाय, हे बघा. आणि काहीच दिसलं नसेल, तर केवळ राग आला म्हणून ‘चोरीला गेलं’ म्हणू नका. खात्री नसेल तेव्हा कामाला येणारं वाक्य वर आहेच: नक्की सांगता येणार नाही. ‘मला माहीत नाही’पेक्षा हे बरं, कारण त्यातून आपण आठवायचा प्रयत्न केलाय हे समोरच्याला कळतं.

व्याकरणात अडकायची जागा म्हणजे ‘आत काय काय होतं?’ या प्रश्नाचं उत्तर. तिथे प्रत्येक वस्तूबरोबर क्रियापद बदलतं. कार्ड होतं, फोटो होता, पैसे होते, चिठ्ठी होती. आणि ‘पाकीट’मधला दीर्घ ‘की’ प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो: पाकीट, पण पाकिटात, पाकिटाचा. बोलताना हे कुणाच्या लक्षात येणार नाही, अर्जात मात्र दिसतं.

वेळेचंही तसंच. अंमलदार ‘पाच वाजून तीस मिनिटं’ असं विचारणार नाहीत. त्या म्हणतील, “सव्वापाच का साडेपाच?” सव्वापाच म्हणजे ५.१५, साडेपाच म्हणजे ५.३० आणि पावणेसहा म्हणजे ५.४५. पावणेसहाला हटकून गोंधळ होतो, कारण कानावर ‘सहा’ पडतं आणि वेळ मात्र सहाच्या आधीची असते. नेमकी वेळ आठवत नसेल तर साडेपाचच्या सुमारास म्हणा. शेवटचं पाकीट कधी बघितलं आणि नाही हे कधी लक्षात आलं, या दोन वेळा माहीत असतील तर दरम्यान वापरा. पोलिसांना दरम्यानच जास्त उपयोगी पडतं.

आता अर्ज. बोलताना ‘हरवलंय’, पण कागदावर गहाळ झाले आहे. बोलताना ‘मिळालं नाही’, पण कागदावर मिळून आले नाही. ही सरकारी मराठी रोज कुणी बोलत नाही, तरी ठाण्यात ती लागतेच. साधारण असं लिहा:

“प्रति, मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक. विषय: पाकीट गहाळ झाल्याबाबत. महोदय, मी वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, काल सायंकाळी ५.३० ते ६.०० वाजण्याच्या दरम्यान नवी पेठ ते सात रस्ता असा रिक्षाने प्रवास करत असताना माझे तपकिरी रंगाचे चामडी पाकीट गहाळ झाले आहे. त्यात माझे आधार कार्ड, वाहन चालविण्याचा परवाना, बँकेचे एटीएम कार्ड व रोख १,४०० रुपये होते. मी शोध घेतला असता पाकीट मिळून आले नाही. तरी सदर बाबीची नोंद घेऊन मला दाखला मिळावा, ही विनंती.”

‘काल’च्या जागी तारीख घाला, खाली नाव, पत्ता, मोबाईल नंबर आणि सही. अर्जाच्या दोन प्रती करा. एटीएम कार्डाचे शेवटचे चार आकडे दिले तरी पुरतात, आणि पिन तर कुणालाच सांगायचा नाही, अगदी ठाण्यातही. आईच्या फोटोसारखी गोष्ट अर्जात लिहिली नाही तरी चालते, पण तोंडी जरूर सांगा. उद्या कुणी पाकीट आणून दिलं, तर ते तुमचंच हे अशाच खुणेवरून ओळखता येतं. उसवलेली शिवणही त्यासाठीच सांगायची.

एक अडचण हमखास येते, ती म्हणजे हद्द. नव्या पेठेत हरवलं आणि तुम्ही राहता विजापूर रोडला, तर घराजवळच्या ठाण्यात म्हणू शकतात, “हे आमच्या हद्दीत येत नाही.” अशा वेळी वाद न घालता विचारा: मग कुठल्या ठाण्यात जाऊ? रेल्वेत किंवा फलाटावर हरवलं असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे जायचं, शहर पोलिसांकडे नाही. चोरी दखलपात्र असेल, तर तिची तक्रार मात्र कुठल्याही ठाण्यात देता येते. दखलपात्र गुन्ह्यात ते शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवतात.

अर्ज दिल्यावर संवाद असा संपतो:

तुम्ही: मॅडम, पोच मिळेल का?
अंमलदार: दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून देते.
तुम्ही: पाकीट सापडलं तर मला कळवाल का? हा माझा नंबर.
अंमलदार: कळवू की. दाखल्यावर नाव बघून घ्या.

हे शेवटचं ऐका आणि ठाण्यातून निघायच्या आधी, टेबलासमोरच, दाखला नीट वाचा. नाव, तारीख आणि वस्तूंची यादी बघा. लायसन्सचं नाव राहून गेलं असेल, तर दुसरं लायसन्स काढताना त्या दाखल्याचा उपयोग होत नाही. ओडिया आडनावं मराठीत लिहिताना एखादं अक्षर चुकणं सहज होतं. तेव्हा म्हणा: मॅडम, इथं माझं आडनाव चुकलंय. दुरुस्त करून द्याल का? ‘चुकलंय’मध्ये कुणी चूक केली हे येत नाही, ‘हरवलंय’सारखंच.