निजतानाचा श्लोक: एकच, आणि हळूहळू उतरणारा

ताई, तिन्हीसांजेला दिव्यापाशी म्हटलेले ‘शुभं करोति’ आणि निजतानाचा श्लोक वेगळे ठेवावेत, कारण दिव्यापाशी मूल टाळ्या पिटून जागे होते आणि तीच चाल अंथरुणावर ऐकली की पुन्हा उठून बसते. झोपेसाठी ‘रामं स्कन्दं हनूमन्तं’ हा श्लोक मला सर्वांत सोयीचा वाटतो. परंपरेने तो शयनाच्या वेळचाच आहे आणि अनुष्टुभ असल्याने आठ-आठ अक्षरांच्या चार चरणांत प्रत्येक चरणानंतर श्वासाला जागा मिळते.

दिवा मंद केल्यावर पहिल्यांदा तो नेहमीच्या आवाजात म्हणावा, दुसऱ्यांदा संथ, तिसऱ्यांदा पुटपुटत, आणि मग शब्द सोडून नुसते गुणगुणावे. दोन-अडीच वर्षांचे मूल मध्येच ‘हनूमन्तं’ मोठ्याने ओरडले, तर दुरुस्त न करता पुढचा चरण आणखी हळू घ्यावा. ‘भीमरूपी’ मात्र रात्री नको. तिची लय मुलांना नाचवते. बेळगाव-खानापूरकडे घरात कन्नड बोलणारी अज्जी असेल, तर शेवटचे गुणगुणणे तिच्या ‘जो जो’वर सोपवायला हरकत नाही, फक्त क्रम रोज तोच असावा. डोळे चोळत असलेले मूल चिडून रडू लागले, तर वेळ टळली असे समजून उद्या थोडे लवकर सुरू करावे.