नाव-गाव न सांगताही स्ट्रीमवर ओळख कशी फुटते?

प्रश्न: मी बीजीएमआय स्ट्रीम करतो. चेहरा दाखवत नाही, खरं नाव सांगत नाही. तरी परवा व्हॉइस चॅटवर एकाने माझं कॉलेज बरोबर सांगितलं. त्याला कुठून कळलं असेल आणि आता काय करू?

स्ट्रीमच्या कोपऱ्यात यूपीआयचा क्यूआर लावला आहेस का? असेल तर आधी तो काढ, मग पुढचं वाच.

माझं तिथूनच फुटलं होतं. क्यूआर स्कॅन केला की पैसे पाठवायच्या आधीच बँकेत नोंदवलेलं नाव समोर येतं, म्हणजे एक रुपयाही खर्च होत नाही. आणि आपल्याकडे बँकेतलं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. त्यात माझा यूपीआय आयडी म्हणजे चक्क मोबाइल नंबर होता. तो सेव्ह करून कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी पाहिला. डीपीत आम्ही चौघं गॅदरिंगला, मागे कॉलेजचा बॅनर. वडिलांच्या नावाने फेसबुक शोधलं तर तिथे सोसायटीच्या गणपतीचे फोटो, सगळ्यांना दिसतील असे. पप्पांना बिचाऱ्यांना प्रायव्हसी सेटिंग म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

नंबर नसलेला नवीन यूपीआय आयडी काढता येतो, आणि काढच. पण त्याने फक्त नंबर झाकला जातो. नाव बँकेकडून येतं, ते अ‍ॅपमध्ये बदलून चालत नाही. म्हणून मी क्यूआर पूर्ण बंद केला आणि चॅनेल सुपर चॅटला पात्र होईपर्यंत पैसे घेतलेच नाहीत. जुन्या व्हिडिओंत क्यूआर तसाच असतो हे विसरू नकोस. ते आधी प्रायव्हेट कर, मग निवांत एकेक तपास.

दुसरी गळती आवाजाची. आमच्याकडे सकाळी घंटागाडी येते आणि तिच्या भोंग्यावर गाण्याआधी नगरपरिषदेचं नाव घेतात. (कुठली नगरपरिषद ते इथेही सांगणार नाही.) डिस्कॉर्डचं नॉइज सप्रेशन पंखा आणि कीबोर्ड बऱ्यापैकी गाळतं, पण भोंग्यावर माणूसच बोलत असतो, त्यामुळे तो आवाज पुष्कळदा आरपार जातो. आईने बाहेरून मारलेली हाकही तशीच. म्हणून डिस्कॉर्डवर पुश टू टॉक ठेव, गेममध्ये बोलणं झालं की माइक बंद कर. स्क्वाडमधल्या मित्रांना दम भर की माइकवर फक्त गेममधलं नाव घ्यायचं. माझं पहिलं नाव शेवटी माझ्याच दोस्ताने फोडलं, "अरे रिव्हाइव्ह कर ना" म्हणताना.

अनोळखी माणूस "तुझा पत्ता दे" असं कधीच म्हणत नाही. तो मुद्दाम चुकीचं बोलतो. "भावा, तू सांगलीचा ना?" आपण लगेच "नाही रे, मिरज" म्हणून मोकळे. चूक दुरुस्त करायची खाज असतेच माणसाला. नुसतं "नाही" म्हटलं तरी एक शहर बाद होतं. तसंच "तुमच्याकडे लाईट गेली का?", "पाऊस आहे का?", "पेपर कधी सुरू?" हे गप्पांसारखं वाटतं, पण रोज विचारणारा वहीत लिहून ठेवू शकतो. खोटं गावही सांगू नकोस, पंधरा दिवसांनी आपणच विसरतो. माझं एकच ठरलेलं उत्तर आहे: "स्ट्रीमवर ते सांगत नाही रे, झोन बघ." दर वेळी तेच, त्याच सुरात. बरोबर ओळखलं तरी तेच आणि चुकलं तरी तेच. तिसऱ्यांदा विचारलं की म्यूट. बोलीवरून विदर्भ की कोल्हापूर एवढं लोक ओळखणारच, त्याला इलाज नाही.

पीसीवर ओबीएस वापरत असशील तर Display Capture ऐवजी Game Capture किंवा Window Capture लाव, म्हणजे फक्त गेम दिसेल. फोनवरून स्ट्रीम करत असशील तर आधी डू नॉट डिस्टर्ब, नाहीतर कुरिअरवाल्याचा पत्ता असलेला मेसेज वरून सरकत जातो.

आता तुझ्या त्या माणसाचं. त्याने कॉलेज सांगितल्यावर तू काय बोललास? गप्प बसला असशील किंवा विषय बदलला असशील तर त्याच्याकडे अजून अंदाजच आहे. "तुला कोणी सांगितलं?" असं विचारलं असशील तर त्याला खात्री झाली असं समज, आणि पुन्हा तो विषय काढू नकोस. त्याचं युजरनेम, वेळ आणि चॅट यांचे स्क्रीनशॉट काढ, त्यानंतर रिपोर्ट आणि ब्लॉक कर. आधी ब्लॉक केलंस तर पुरावा हातचा जाऊ शकतो. त्याने नंबर किंवा पत्ता कुठे टाकला, किंवा "कॉलेजच्या गेटवर येतो" अशी भाषा केली, तर घरी सांग आणि ते स्क्रीनशॉट घेऊन cybercrime.gov.in वर तक्रार कर. थेट धमकी असेल तर पोलीस ठाण्यातही जा.

आज रात्री एक काम कर. दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून स्वतःचा क्यूआर स्कॅन करून बघ, आणि जे नाव येईल ते फेसबुकवर टाकून बघ.